मेनू दिसतो, सिनेमा दिसत नाही

अमेरिका-कॅनडातल्या अनेक घरांत, त्यात मराठी घरंही आली, टीव्हीच्या मागे रोकूची छोटी डबी किंवा स्टिक लटकलेली असते. एका टीव्हीपुरतं सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर बसवतं. दिवाणखान्यातला टीव्ही आणि खालचा प्रोजेक्टर या दोन्हींवर एकच मॅच, एकच सिनेमा दिसावा म्हणून एचडीएमआय स्प्लिटर आणला जातो. त्याला एका बाजूला एक खाच आणि दुसऱ्या बाजूला दोन. वायरी जोडल्या की दोन्हीकडे रोकूचा मेनू झळकतो. सिनेमा निवडून बटण दाबलं की मात्र पडदा जांभळा होतो आणि त्यावर एचडीसीपीविषयी दोन ओळी उमटतात. आवाजही नाही, चित्रही नाही.

भारतात रोकू विकला जात नाही. इथे त्या जागी फायर टीव्ही स्टिक असते, केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स असतो किंवा गेमिंग कन्सोल असतो. जांभळ्या पडद्याऐवजी इथे बहुतेक वेळा नुसता काळा पडदा दिसतो. क्वचित आवाज चालू राहतो आणि चित्र गायब होतं. रंग वेगळा असला तरी दुखणं एकच आहे.

अशा वेळी सगळ्यांचा हात आधी केबलकडे जातो. जुनी काढून नवी महागातली घातली जाते आणि पडदा तसाच राहतो. वास्तविक मेनू नीट दिसला, तेव्हाच केबलची बरीचशी परीक्षा झालेली असते. मेनूचं चित्र ज्या तारांतून आलं त्याच तारांतून सिनेमाचंही येणार आहे. फरक परवानगीचा आहे. मेनू कुणाच्या मालकीचा सिनेमा नाही, म्हणून तो दाखवताना रोकू कुणाला ओळखपत्र मागत नाही. सिनेमा सुरू करायचा म्हटलं की स्ट्रीमिंग ॲप विचारतं, की वायरीच्या पलीकडे कोण आहे? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर रोकू चित्र सोडतच नाही. म्हणजे जांभळा पडदा हा बिघडलेला सिग्नल नसून रोकूने जाणूनबुजून दिलेला नकार आहे.

ओळख पटवण्याच्या या पद्धतीला एचडीसीपी म्हणतात. इंटेलने ती २००० साली आणली आणि तिचे परवाने इंटेलचीच एक उपकंपनी देते. वायरीतून जाणारं डिजिटल चित्र मधेच कुणी उतरवून घेऊ नये, हा तिचा हेतू. पहिल्या पिढीतली तिची रीत इतकी सोपी आहे की शाळेतल्या गणितावर समजते. परवाना घेतलेल्या प्रत्येक उपकरणाच्या चिपमध्ये कारखान्यातच ४० गुप्त संख्या भरलेल्या असतात. जोडीला ४० बिटांचा एक उघड ओळख क्रमांक असतो आणि त्यात बरोबर २० एक आणि २० शून्यं असतात. रोकू आपला क्रमांक टीव्हीला देतो आणि टीव्ही आपला क्रमांक रोकूला. टीव्हीच्या क्रमांकात ज्या ज्या जागी एक आहे, त्या त्या जागेवरच्या आपल्या गुप्त संख्या रोकू उचलतो आणि त्यांची बेरीज करतो. टीव्ही रोकूच्या क्रमांकावरून हेच करतो. दोघांच्या गुप्त संख्या वेगळ्या असूनही बेरीज एकच येते, कारण सगळ्या उपकरणांच्या संख्या एकाच मूळ तक्त्यातून काढलेल्या असतात. ती बेरीज वायरीवर कधीच बोलली जात नाही. ती वापरून दोघंही एक पडताळणीचा आकडा काढतात. रोकू निदान १०० मिलिसेकंद थांबून टीव्हीचा आकडा वाचतो आणि आपल्याशी ताडून पाहतो. जुळला तर चित्र कुलूपबंद होऊन निघतं आणि टीव्ही ते उघडून दाखवतो. पुढेही दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, दोघं पुन्हा एकमेकांची खात्री करून घेतात. चालू सिनेमा मधेच जांभळा का होतो, त्याचं कारण बहुधा यातली एखादी खात्री चुकलेली असते.

हे सगळं बोलणं चित्राच्या जाड प्रवाहातून होत नाही. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ क्रमांकाच्या दोन संथ तारांवर ते चालतं. टीव्ही आपली कुवतही याच तारांवरून कळवतो: माझा पडदा इतक्या रेषांचा, मला इतके रंग झेपतात. या माहितीला तंत्रज्ञ ईडीआयडी म्हणतात. कुवत आणि परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा निम्मा गोंधळ सुटतो.

आता यात स्प्लिटर शिरतो. दोघांचं संभाषण तिघांचं, चौघांचं होतं. नियमाप्रमाणे बनवलेला स्प्लिटर म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. आधी त्याने पलीकडच्या घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायची आणि मगच अलीकडच्या घराला शब्द द्यायचा. तो टीव्ही आणि प्रोजेक्टर या दोघांशी स्वतंत्रपणे ओळख पटवतो, त्यांच्या ओळख क्रमांकांची यादी करतो आणि ती रोकूकडे पाठवतो. यादी तयार करायला त्याला पाच सेकंदांची मुदत असते. यादीत एकही नाव संशयास्पद निघालं, मुदतीत यादी आलीच नाही, किंवा पलीकडच्या एकानेही उत्तर दिलं नाही, की रोकूच्या दृष्टीने सगळी जोडणीच अविश्वसनीय ठरते. एका टीव्हीचं बरोबर आहे तर निदान त्याला तरी दाखवू, असं सहसा होत नाही. स्प्लिटरकडे चित्र एकच जातं आणि अट त्या एका चित्राला लागते.

म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट घडते. बंद असलेला टीव्ही चालू टीव्हीचं चित्र घालवतो. काही टीव्ही रिमोटने बंद केल्यावर झोपेत असतात, पण केबलवर ‘मी इथे आहे’ ही खूण देत राहतात. त्यासाठी १९ क्रमांकाची पिन असते. कुवतीची माहितीही ते झोपेत देतात, पण ओळख पटवणारा भाग मात्र बंद असतो. स्प्लिटरला वाटतं समोर कुणीतरी आहे. तो विचारत राहतो, उत्तर येत नाही आणि दिवाणखान्यातला पडदा काळा पडतो. हाच प्रकार उलटाही होतो. खाली मॅच रंगात आलेली असताना वर कुणी दुसरा टीव्ही चालू केला की १९ क्रमांकाच्या पिनवरची खूण हलते. स्प्लिटर सगळ्यांची चौकशी पहिल्यापासून सुरू करतो आणि खालच्या मंडळींचा नेमका तो चेंडू जातो. हे तपासणं सोपं आहे. संशयित टीव्हीची केबल स्प्लिटरच्या टोकाला उपसून काढा. टीव्ही नुसता रिमोटने बंद करून काही कळत नाही. केबल काढल्याबरोबर चित्र परत आलं तर दोषी सापडला.

खरा घोळ मात्र दोन पिढ्या एकत्र आल्या की होतो. एचडीसीपीची एचडीएमआयसाठीची २.२ ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिचं गणित आधीच्यापेक्षा अगदी वेगळं आहे, त्यामुळे जुन्या १.४ च्या चिपला ती सॉफ्टवेअरने शिकवता येत नाही. फोर-के सिनेमे दाखवताना स्ट्रीमिंग कंपन्या २.२ चीच अट घालतात. असं चित्र २.२ कडून १.४ कडे उतरवायला परवानगीच नाही. घरात एक फोर-के टीव्ही आणि एक जुना प्रोजेक्टर असेल, तर त्या स्प्लिटरमागे नेमकी हीच जोडी उभी असते.

न्यू जर्सीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. वर २०२० सालचा फोर-के टीव्ही आहे. खाली २०१२ चा प्रोजेक्टर आहे, ज्याच्या रेषा १०८० आणि एचडीसीपी १.४. रोकू फोर-के देणारा. स्प्लिटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘4K’ छापलेलं. मेनू दोन्हीकडे दिसतो, सिनेमा दोन्हीकडे जांभळा. इथे अंदाजाने वस्तू बदलत बसण्यापेक्षा एकेक माणूस बाजूला काढून पाहावा. आधी स्प्लिटर पूर्ण वगळून रोकू सरळ टीव्हीला जोडला आणि सिनेमा फोर-केमध्ये चालला. म्हणजे रोकू, टीव्ही, ॲप आणि इंटरनेट सगळं ठीक. मग मधे स्प्लिटर घातला, पण त्याला फक्त टीव्ही जोडला. तरीही चालला, म्हणजे स्प्लिटरला २.२ येतं. मग स्प्लिटरला फक्त प्रोजेक्टर जोडला. सिनेमा चालला, पण १०८० रेषांत. प्रोजेक्टर निर्दोष ठरला. शेवटी दोघं एकत्र जोडले आणि पडदा पुन्हा जांभळा.

प्रत्येक जण एकटा ठीक आणि एकत्र आले की भांडण, असं का? बरेच स्वस्त स्प्लिटर कुवतीची माहिती पहिल्या आउटपुटवरून जशीच्या तशी उचलतात. या घरात पहिल्या आउटपुटवर फोर-के टीव्ही आहे. रोकूला कळलं की पलीकडे फोर-के आहे, म्हणून त्याने फोर-के चित्र काढलं. इकडे परवानगीची चौकशी करताना यादीत १.४ वाला प्रोजेक्टर निघाला. कुवत एक सांगते आणि ओळखपत्र दुसरंच. अशा वेळी स्वतःहून १०८० वर उतरणं हे समजूतदारपणाचं ठरलं असतं, आणि काही ॲप तसं करतातही. बाकीची नकार देऊन मोकळी होतात.

तोडगा कुवतीच्या बाजूने काढायचा. रोकूच्या मेनूत Settings आणि त्यात Display type निवडलं की आपोआप ओळखण्याऐवजी 1080p TV असं ठामपणे सांगता येतं. फायर टीव्हीवर Settings, Display & Sounds, Display, Video Resolution या वाटेने 1080p निवडायचं. बऱ्या प्रतीच्या स्प्लिटरवर ईडीआयडी लिहिलेली छोटी खटक्याची बटणं असतात; त्यांनीही १०८० पक्कं करता येतं. १०८० रेषांच्या चित्राला बहुतेक सेवा १.४ वर समाधान मानतात, त्यामुळे दोन्ही पडद्यांवर सिनेमा सुरू होतो. वरच्या टीव्हीवर मात्र फोर-के मिळणार नाही. ते हवं असेल त्या दिवशी प्रोजेक्टरची केबल स्प्लिटरमधून काढून सेटिंग परत आपोआपवर न्यायचं. स्प्लिटर कितीही महाग घेतला तरी एका वेळी एका चित्रात दोन्ही अटी पाळता येत नाहीत, ही मर्यादा नियमातलीच आहे.

सेटिंग बदलल्यानंतर किंवा एखादी जोडणी अडकल्यासारखी वाटली तर सगळं एकदा विजेपासून तोडावं लागतं. रिमोटने बंद करणं पुरत नाही, कारण झोपेतली उपकरणं जुनी समजूत धरून बसतात. टीव्ही, प्रोजेक्टर, स्प्लिटर, रोकू या सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायचे आणि एचडीएमआय केबल दोन्ही टोकांनी सोडवायच्या. जोडताना पलीकडून अलीकडे यायचं. आधी पडदे चालू करून त्यांना पूर्ण जागं होऊ द्यायचं, मग स्प्लिटर आणि शेवटी रोकू. उत्तर देणारे तयार असतील तरच विचारणाऱ्याला सुरुवात करू द्यावी, इतकाच त्यातला हिशोब. केबल उलटी करून जोडा, असाही सल्ला मिळतो. साध्या तांब्याच्या केबलला दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे माझ्या मते उपयोग उलटण्याचा नसून दोन्ही टोकं खरोखर काढली जाण्याचा होत असावा. लांब अंतराच्या प्रकाशतंतूच्या केबलला मात्र दिशा असते. ती उलटी केली तर काहीच दिसणार नाही.

जांभळं दिसलं म्हणजे एचडीसीपीच, असंही नाही. सबंध पडदा सपाट जांभळा आणि त्यावर संदेश असेल तर नक्कीच तेच. पण सिनेमा स्पष्ट दिसतोय, नुसते चेहरे गुलाबी किंवा हिरवे झालेत, तर ओळख पटलेली आहे. तिथे भानगड रंगांच्या मांडणीत आहे: एक जण लाल-हिरवा-निळा अशा रीतीने रंग पाठवतोय आणि दुसरा ते उजेड आणि रंग-फरकाच्या रीतीने वाचतोय. स्प्लिटरने कुवतीची माहिती चुकीची दिली तर असं होतं. पडद्यावर जुन्या अँटेनाच्या काळातल्यासारख्या मुंग्या आल्या, तर कुलूप लागलंय पण उघडणाऱ्याची किल्ली मागे-पुढे झाली आहे. एचडीसीपीचाच हा दुसरा चेहरा. चित्रात तुरळक ठिणग्या चमकत असतील किंवा क्षणभर काळोख होऊन परत येत असेल, तरच केबल बदलायचा विचार करावा. त्यातही केबल आधी आखूड करून पाहावी.

बाजारात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची, वीज न लागणारी एक केबलही ‘स्प्लिटर’ म्हणून विकली जाते. तिच्याकडून एका वेळी दोन टीव्हींची अपेक्षा ठेवू नये. तिच्यात चिप नसते, तारा नुसत्या दोन्हीकडे फुटलेल्या असतात. रोकूने विचारलं की दोन्ही टीव्ही एकाच पत्त्यावरून एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही. वीज लागणाऱ्या स्प्लिटरलाही त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर द्यावा. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज घेतली तर तो टीव्ही बंद झाला की दुसऱ्या खोलीचंही चित्र जातं, आणि दोष पुन्हा एचडीसीपीच्या माथी बसतो.

याच बाजारात दुसऱ्या टोकाचे काही स्प्लिटरही मिळतात. रोकूसमोर ते स्वतःच टीव्ही असल्याची बतावणी करतात, कुलूप उघडतात आणि पुढे उघडं चित्र वाटून देतात. त्यांच्यामुळे जांभळा पडदा जातो, हे खरं. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने अशा कुलूपतोडीवर बंदी आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या इराद्याने संरक्षण तोडलं तर त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

हे कुलूप कितपत मजबूत होतं, याची गोष्ट थोडी खेदाची आहे. पहिली आवृत्ती येऊन दोन वर्षंही सरली नव्हती तोच, २००१ मध्ये, स्कॉट क्रॉस्बी आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिलं की साधारण ४० उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्या तर मूळ तक्ताच उलगडता येईल. सगळा मामला बेरजेचा असल्यामुळे ती समीकरणं सोडवता येतात. नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञालाही त्याच वर्षी कच्चे दुवे सापडले होते, पण अमेरिकी कायद्याच्या धास्तीने त्याने तपशील छापले नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये मूळ तक्ता इंटरनेटवर आला आणि तो खरा असल्याचं इंटेलने मान्य केलं. त्या दिवसापासून पहिल्या पिढीच्या कुलपाची किल्ली ज्याला हवी त्याच्याकडे आहे. चोरी करणाऱ्याला या व्यवस्थेने फारसं अडवलेलं नाही. पैसे भरून, रीतसर खातं उघडून, घरच्या दोन खोल्यांत एकच सिनेमा पाहू इच्छिणारा माणूस मात्र अडतो. मला हा हिशोब न्याय्य वाटत नाही.

स्प्लिटर नव्याने घेणार असाल तर खोक्यावरच्या ‘4K’ अक्षरांवर जाऊ नका. ती फक्त रेषांविषयी बोलतात. ‘HDCP 2.2’ स्वतंत्रपणे छापलेलं आहे का आणि ईडीआयडीचा खटका आहे का, हे पाहा. टीव्हीच्या पाठीमागेही डोकवा. २०१३-१४ च्या सुमाराच्या काही फोर-के टीव्हींना २.२ सगळ्या खाचांवर नसून एखाद्याच खाचेवर असतं, आणि काहींना तर मुळीच नसतं. बहुधा ते खाचेशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मधे साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल तर तोही याच साखळीतला आणखी एक मध्यस्थ, त्यामुळे त्याचीही आवृत्ती तपासायला हवी. आणि दोन्ही पडद्यांवर अगदी एकाच क्षणी तेच चित्र दिसायला हवं असा हट्ट नसेल, तर स्प्लिटर परत करून प्रोजेक्टरला स्वतःची एक साधी स्टिक घेणं बरं पडतं. दोन स्वतंत्र जोडण्या झाल्या की कुणाच्या ओळखपत्रासाठी दुसऱ्याला थांबावं लागत नाही. मात्र एका खात्यावर एकाच वेळी किती ठिकाणी पाहता येतं, ते तुमच्या योजनेत आधी बघून घ्या.